समजणाऱ्याला समजतो

“मामा, जोक आहे तो. समजणाऱ्याला समजतो.” माझ्या हातातून फोन परत घेताना भाचा एवढंच म्हणाला आणि चहा प्यायला लागला. मला मात्र त्या वाक्याने पुढचे कितीतरी दिवस छळलं. वाक्य तसं सगळेच वापरतात. लग्नाच्या जेवणात कोणाच्या तरी वजनावर बोललेला काका वापरतो, ऑफिसात उशिरा आलेल्याला टोमणा मारणारा साहेब वापरतो. पण इथे ते एका अशा ठिकाणी वापरलं गेलं होतं जिथे समजणारा कोण आहे हेच माहीत नसतं. भाच्याने डेटिंग अ‍ॅपवर प्रोफाइल काढलं होतं आणि स्वतःबद्दल चार ओळी, म्हणजे हल्ली ज्याला सगळेच बायो म्हणतात ते, लिहून मला दाखवलं होतं.

भाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुण्यात असतो, वय बत्तीस. स्वभावाने गोड मुलगा. म्हणूनच त्या चार ओळी वाचून मी चमकलो. त्या अशा होत्या: “आईने बळजबरीने बनवायला लावलेलं प्रोफाइल. उंची ५ फूट ७ इंच, कारण हल्ली तेच महत्त्वाचं असतं म्हणे. बोअरिंग माणूस, नाचता येत नाही, स्वयंपाक येत नाही, विनोद हा असा. उत्तर द्यायचं नसेल तर मॅच कशाला करता?”

बायोत विनोद असावा, याबद्दल वाद नाही. ‘प्रवासाची आवड, वाचनाची आवड, कुटुंबवत्सल’ असली प्रोफाइलं शंभर वाचली तरी त्यातलं एकही माणूस डोळ्यांपुढे उभं राहत नाही, हे वेगळं सांगायला नको. माझा प्रश्न असा की या चार ओळींत विनोदाचा आकार आहे, वाचताना ओठ किंचित हलतातसुद्धा, मग शेवटी तोंडाला कडू चव का राहते? आणि लिहिणाऱ्याला ती का लागत नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कोणीतरी चक्क मोजून ठेवलं आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी साध्यासुध्या विषयांवरची वाक्यं दुसऱ्यांना कळवायची. त्यातली काही मनापासून, काही खवचटपणे. कधी ईमेलने, कधी आवाजातून. ऐकणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने ओळखायचं की बोलणारा खरं बोलतोय की टोमणा मारतोय. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की साधारण 78 टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल, मग माध्यम कुठलंही असो. आवाजातून कळवलं तेव्हा 73 टक्के वेळा ओळखलं गेलं. ईमेलमधून 56. इथे लक्षात घ्यायला हवं की नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी पन्नासच्या आसपास बरोबर आली असती. म्हणजे वाचणारा जवळजवळ अंदाजच मारत होता, आणि लिहिणारा मात्र निर्धास्त.

याचं कारणही त्यांनी शोधलं. आपण लिहितो तेव्हा आपल्याच डोक्यात आपला आवाज वाजत असतो. हेल, मधला थांबा, मिश्कील डोळे, सगळं त्यात असतं, आणि कागदावर उतरताना ते गळून पडलं हे आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच शोधनिबंधात आणखी एक गमतीचा भाग आहे. काही विनोद लोकांना ईमेलने पुढे पाठवायला दिले. अर्ध्यांनी ते नुसते वाचले होते, अर्ध्यांनी त्यांचा व्हिडिओ पाहिला होता. व्हिडिओ पाहिलेल्यांना खात्री होती की वाचणारेही खूप हसतील. वाचणारे त्यांच्या अंदाजाइतके हसले नाहीत, कारण व्हिडिओ त्यांच्या कानात कुठे होता? माझ्या भाच्याने ‘म्हणे’ हा शब्द लिहिला तेव्हा तो मनात हसून, भुवया उडवून लिहिला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तर मला त्या भुवया दिसल्या. रात्री अकराला कंटाळून अंगठ्याने प्रोफाइलं सरकवणाऱ्या मुलीला त्या कशा दिसणार? तिला दिसला एक माणूस, ज्याला मुलींनी उंची विचारलेली झोंबलेली आहे.

यावर हमखास निघणारा उपाय म्हणजे हसरा चेहरा. तो काही कालचा नाही, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फाल्मनने 1982 साली सुचवलं की गमतीने लिहिलेल्या मजकुराला :-) ही खूण लावावी, म्हणजे संगणकावरच्या चर्चेत गैरसमज होणार नाहीत. सूचना शहाणपणाची होती आणि जगभर चालली. पण खूण एवढंच सांगते की ही गंमत आहे. गंमत कोणाच्या अंगावर पडली, ते काही बदलत नाही. टोमण्यापुढे हसरा चेहरा लावला तर उरतो हसून मारलेला टोमणा, आणि आपल्याकडे तो जास्तच लागतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे. मी विनोदाची एक फोड मनाशी धरून आहे आणि सगळीकडे तीच लावत फिरतो, त्यामुळे मित्र वैतागलेले आहेत. विनोद चिडीतून येतो किंवा लोभातून येतो. चिडीतून आलेला विनोद वाईटच असतो असं मुळीच नाही. आपलं निम्मं उत्तम विनोदी साहित्य त्यावर उभं आहे. पण त्याला वाचक आपल्या बाजूला उभा लागतो. लोभातून आलेल्या विनोदाला बाजू लागत नाही. त्याला फक्त काहीतरी आवडत असलेलं लागतं, आणि त्या आवडीमुळे माणूस थोडा हास्यास्पद वागतो याची त्याला स्वतःला असलेली जाणीव लागते.

चिडीच्या विनोदाचा सर्वोत्तम नमुना पाहायचा तर सदाशिव पेठ, नारायण पेठ हिंडावी. पुणेरी पाट्यांवर आता इतकं लिहून झालं आहे की मी त्यात भर घालणार नव्हतो, पण एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. ‘बेल एकदाच वाजवावी, घरात माणसं राहतात, बहिरी नव्हे’ अशा धर्तीची पाटी वाचून हसतो कोण? रस्त्याने जाणारा. त्याला बेल वाजवायचीच नसते. तो मालकाच्या शेजारी उभा राहून, मालकाच्या डोळ्यांनी, त्या न दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे बघतो आणि हसतो. जो खरोखर बेल वाजवायला आलेला असतो, हातात पत्रिका घेऊन, उन्हातून दोन जिने चढून, त्याला ती पाटी विनोदी वाटल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. तो बोट मागे घेतो. पाटीला रस्ता असतो म्हणून ती विनोदी ठरते. प्रोफाइलला रस्ता नसतो. तिथे जो कोणी वाचतो तो दारातच उभा असतो.

‘उत्तर द्यायचं नसेल तर मॅच कशाला करता?’ ही सरळसरळ पाटी आहे. तिच्यामागे घडलेली एक गोष्ट आहे, भाच्याने मला ती सांगितलीही: दोन मुलींशी बोलणं छान सुरू झालं आणि एके दिवशी उत्तरं बंद झाली. त्याचं वाईट वाटणं खरं आहे. पण ज्यांनी उत्तरं बंद केली त्या हे वाचायला परत येणार नाहीत. वाचेल ती तिसरीच, जिने अजून काहीच केलेलं नाही, आणि आल्या आल्या तिला त्या दोघींच्या वाट्याची बोलणी बसतात.

माझा एक मित्र जाहिरातीत आहे. त्याला हे मुळीच पटत नाही. त्याचं म्हणणं असं की बायोचं काम चाळणीचं आहे. खवचट ओळ ज्यांना झेपत नाही त्या आधीच गळून जातात, ते बरंच. आयुष्यभर खवचटपणा ऐकायचाय त्यांना. सगळ्यांना आवडेल असं लिहिलंस तर कोणालाच आवडणार नाही, हे तो दर पाच मिनिटांनी म्हणतो. वाक्य त्याच्या धंद्यातलं आहे आणि खरं आहे. पण चाळणीतून काय गळतं आणि काय राहतं हे त्याने पाहिलेलं दिसत नाही. तक्रारीच्या ओळीने आधी कोण जातं? जी सहज मनाला लावून घेते, जी समोरच्याचा विचार करते, जिला वाटतं ‘बाई गं, याला कोणीतरी त्रास दिलाय, आपण नको.’ राहतं कोण? जी बायो वाचतच नाही, फोटो बघते. म्हणजे नेमकी तीच, जी उत्तर देत नाही. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने विषय बदलून क्रिकेट काढलं. त्याच्या म्हणण्यातला खरा भाग मात्र मी ठेवून घेतला आहे आणि पुढे वापरणार आहे.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो, कारण माझ्याकडे उपाय तयार होता. दुसऱ्यावर हसू नये, स्वतःवर हसावं. मराठी माणसाला हे शिकवायची गरज नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि घरातला होऊन बसतो. मग भाच्याची तिसरी ओळ, ‘बोअरिंग माणूस, नाचता येत नाही, स्वयंपाक येत नाही’, ही चांगली म्हणायला हवी. तिच्यात दुसऱ्याला बोट लावलेलं नाही. पण ती ओळ मी पुन्हा वाचली आणि मला तीच सगळ्यांत उदास वाटली.

रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 2003 साली विनोद वापरण्याच्या चार तऱ्हा वेगळ्या केल्या. माणसं जोडणारा, अडचणीत स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा, आणि चौथा, स्वतःला पाडून दुसऱ्याला हसवणारा. हा चौथा दिसायला नम्र असतो, पण त्यांच्या पाहणीत तो खिन्नता, चिंता आणि स्वतःबद्दलची कमी किंमत यांच्याबरोबर सापडला. याला जोडून गिल ग्रीनग्रॉस आणि जेफ्री मिलर यांचा 2008 चा अभ्यास आहे. स्वतःवर विनोद करणं जोडीदार म्हणून आकर्षक वाटतं का, हे त्यांनी तपासलं. वाटतं, पण बोलणारा वरच्या प्रतिष्ठेचा असेल तर. ज्याची प्रतिष्ठा कमी दाखवली होती त्याला त्या विनोदाचा तसा फायदा मिळाला नाही.

हे वाचल्यावर चिमणरावाचा दाखला माझ्या हातून निसटला. चिमणराव आपल्याला चालतो, कारण त्याच्यामागे बडोद्यात पालीचं अध्यापन करणारा विद्वान बसला आहे हे आपल्याला माहीत असतं. गबाळ्या माणसाचं इतकं नेटकं चित्र गबाळा माणूस काढू शकत नाही. पु. ल. स्वतःच्या आळसावर बोलायचे तेव्हा समोरच्या भरलेल्या नाट्यगृहाला त्यांची पुस्तकं, नाटकं, पेटी सगळं ठाऊक असायचं. आळसाचा विनोद त्या ढिगावर चढून केलेला असायचा. प्रोफाइलच्या वाचकाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. ‘मी बोअरिंग आहे’ म्हणालात तर त्याच्याकडे खोडून काढायला पुरावा नसतो. तो विश्वास ठेवतो. पहिली ओळही याच जातीची आहे. ‘आईने बळजबरीने’ लिहिण्यामागचा हेतू एवढाच की मी काही हपापलेलो नाही. पण वाचणारी आपणहून आलेली असते. तिला त्यातून ऐकू येतं की इथे येणं हे काहीतरी कमीपणाचं आहे, आणि ती तर आलीच आहे.

म्हणजे ‘विनोद कोणावर’ हा प्रश्नच मी चुकीच्या जागी लावत होतो असं मला आता वाटतं. स्वतःवर केलेला विनोदसुद्धा चिडीतून येऊ शकतो. चीड आतल्या बाजूला वळलेली असते इतकंच. हे तपासायची एक साधी रीत आहे. वाक्यातली गंमत खरवडून काढायची आणि खाली काय माहिती उरते ते बघायचं. ‘उंची… म्हणे’ खरवडलं तर उरतं: मुलींबद्दल माझी तक्रार आहे. ‘बोअरिंग माणूस’ खरवडलं तर उरतं: मी स्वतःला फारसा आवडत नाही. दोन्हीकडे खाली काळं निघतं. खाली जर एखादी आवड निघाली, एखादं काम निघालं, एखादी सवय निघाली, तर वरचा विनोद बिनधोक समजावा.

मग मी भाच्याला विनोदाबद्दल काहीच न विचारता विचारलं, गेल्या सुट्टीत कुठे गेला होतास. तो कोकणात गेला होता. काय पाहिलंस म्हटलं, तर म्हणाला, “गुहागरच्या वाटेवर एक पाण्याची टाकी आहे मामा, तिचे खांब…” आणि त्यानंतर दहा मिनिटं मी खांबांच्या मधल्या आडव्या तुळयांबद्दल, भूकंपात भरलेली टाकी आणि अर्धी टाकी वेगवेगळी का हलते याबद्दल ऐकत होतो. अर्धी असेल तर आतलं पाणी डुचमळतं, म्हणून हिशोब वेगळा. तो उंच टाक्यांची डिझाइनं करतो. समुद्र समोर असताना या मुलाने टाकीचे फोटो काढले होते. मला हसू आलं, आणि त्यालाही आलं. तिथेच बायो सापडलं.

नवीन मजकूर असा झाला: “गावोगावच्या उंच पाण्याच्या टाक्यांचं डिझाइन करतो. प्रवासात सगळे समुद्र बघत असतात तेव्हा मी मागे वळून टाकी बघत असतो, आणि कोणी विचारलं नाही तरी तिच्याबद्दल सांगतो. पोहे उत्तम करतो. उपम्यात अजून गुठळ्या होतात; सल्ला चालेल.”

‘स्वयंपाक येत नाही’ म्हणणाऱ्याला पोहे येत होते, हे आम्हाला त्या ओघात कळलं. ही ओळ बघण्यासारखी आहे. उपम्याच्या गुठळ्या हा स्वतःवरचाच विनोद आहे, पण तो पोह्यांच्या शेजारी बसला आहे. आधी येणारी गोष्ट सांगितली, मग न येणारी. दोष लहान आहे, सुधारण्यासारखा आहे, आणि त्याने माणसाची किंमत घटत नाही. क्रम उलटा करून बघा: ‘उपम्यात गुठळ्या होतात, पण पोहे उत्तम करतो’ यात लगेच सफाई दिल्याचा सूर येतो. ‘सल्ला चालेल’ हे दोन शब्द दिसायला किरकोळ आहेत, पण सगळ्या बायोत दुसऱ्या माणसासाठी खुर्ची तेवढीच ठेवलेली आहे. रवा आधी खमंग भाजून घे, पाणी उकळतं असू दे, असं कोणीही अनोळखी माणूस लिहू शकतं. जुन्या मजकुराला काय उत्तर लिहिता आलं असतं? ‘नाही हो, तुम्ही बोअरिंग नसाल’? अनोळखी माणसाची समजूत काढण्याने कोणी गप्पा सुरू करत नाही.

आणि मित्राची चाळणी? ती इथे आहेच. टाकीबद्दल दहा मिनिटं ऐकायची जिची तयारी नाही ती या ओळीवरून पुढे सरकेल, कुठलाही अपमान न होता. तपशील हीच चाळणी. तक्रारीची गरज पडली नाही.

टिंडरवर बायोला पाचशे अक्षरांची मुभा आहे, इन्स्टाग्रामवर दीडशेची. भाच्याला उरलेल्या जागेत आणखी दोन विनोद घालायचे होते. मी अडवलं. बायो एकदा वाचून संपत नाही. जिला आवडतं ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते, मैत्रिणीला दाखवते. एक विनोद दुसऱ्यांदाही चालतो, कारण आजूबाजूला माहिती असते. चार असले की माणूस सतत हसवायला उभा आहे असं वाटू लागतं. शेवटची तपासणी म्हणून मी त्याला सगळा मजकूर बातम्या वाचतात तसा कोरड्या आवाजात मोठ्याने वाचायला लावला. ही युक्ती माझी नाही. क्रूगरच्या मंडळींनी प्रयोगातल्या लोकांना त्यांचीच वाक्यं उलट सुरात म्हणायला लावली होती, तेव्हा आपलं म्हणणं समोरच्याला कळेलच हा त्यांचा भरवसा उतरला. नवीन मजकूर कोरड्या आवाजातही ठीक वाटला. जुना वाचून झाल्यावर भाचा स्वतःच म्हणाला, “हे कोणीतरी भांडतंय.”

उंची त्याने ठेवली, नुसती, ५ फूट ७ इंच, मागेपुढे काही न लावता. वाद राहिला एका ओळीचा. त्याला लग्नाचा विचार आहे, आणि ते लिहायचं होतं. त्याने लिहिलं, ‘लग्न वगैरे, टाकी गळत नसेल तर.’ मी म्हटलं, इथे विनोद नको. गमतीने लिहिलंस तर वाचणारीला कळणार नाही की तुला खरंच लग्न करायचंय की नाही, आणि ही एकच गोष्ट अशी आहे जी तिला अंदाजाने ओळखायला लागू नये. तो म्हणाला, सरळ लिहिलं की वधू-वर मेळाव्याचा फॉर्म वाटतो. मी म्हटलं, वाटू दे. गेल्या आठवड्यात पाहिलं तर त्याने ती ओळ काढून तिथे ‘लग्नाचा विचार आहे’ असं लिहिलं होतं, आणि टाकी खालच्या ओळीत सरकवली होती.